खारा बांगडा: पावसाळ्यापर्यंत टिकवायच्या खटपटीच्या नोंदी

२७ जानेवारी, वेंगुर्ले तालुका

गेल्या जुलैत बहिणीने डोंबिवलीहून पाठवलेला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. आम्ही घरी खारवून मे महिन्यात तिला पोचते केलेले बांगडे. पिशवी उघडली तर माशांवर गुलाबी-तांबडा बुळबुळीत थर, आणि तिच्याच शब्दांत सांगायचं तर सार्वजनिक मुतारीसारखा वास. सगळे फेकले. इथे घरातल्या डब्यातलेही ओले होऊन चिकट झाले होते. काकी म्हणाली, "मीठ कमी पडला." मी म्हणालो, ऊन कमी पडलं. दोघांपैकी बरोबर कोण, हे यंदा वजनकाटा घेऊन बघायचं ठरवलंय. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ आणि ही वही, एवढीच सामग्री.

२ फेब्रुवारी

सकाळी रापणीचा बांगडा मिळाला. १० किलो घेतला, किलोला सहा बसले. घरी पोचेपर्यंत बर्फात ठेवला, आणि यावर मी हट्ट धरला. बांगडा उन्हात तासन् तास पडून राहिला की त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते मिठाने जात नाही, वाळवून जात नाही, तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला की जिभेला चरचरतं, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, आणि लोक म्हणतात की "बांगडो बाधलो". खारवण्याने मासा आहे तिथे थांबतो, मागे जात नाही. म्हणून उरलेला, विकला न गेलेला मासा खारवायला घ्यायची रीत मला पटत नाही.

पाठीकडून चिरून पुस्तकासारखे उघडले, डोकी ठेवली. आतडी आणि कल्ले काढले. कण्याच्या बाजूने रक्ताची जी काळपट रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडून काढली. काकीने तीन मासे परत माझ्याकडे टाकले, "ह्या रगत ऱ्हवला, हयसून कुसतला." साफ केल्यावर वजन ८ किलो १०० ग्रॅम.

आता मिठाचा हिशोब. ताज्या बांगड्यात साधारण ७२ टक्के पाणी धरलं तर या ढिगात जवळजवळ ५.८ लिटर पाणी आहे. १०० मिली पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. म्हणजे माशातलं सगळं पाणी मिठाने पुरतं भरायचं तर २.१ किलो मीठ हवं. चार किलो माशाला एक किलो मीठ घातलं तर काठावर पुरतं, तीन किलोला एक घातलं तर वर थोडं शिल्लक राहतं. मच्छीमारांच्या तोंडी असलेलं तीनाला एक, चाराला एक हे माप कुठून आलं असेल ते हे गणित केल्यावर कळलं. गेल्या वर्षी आम्ही अंदाजाने आठाला एक घातलं होतं. त्याने मिठवणी जेमतेम १५ टक्क्यांची होते, आणि मीठ सोसणाऱ्या जंतूंचं तेवढ्यात मजेत चालतं.

म्हणून यंदा तीनाला एक. सहा मासे मात्र मुद्दाम वेगळ्या डब्यात आठाला एकने लावले, गेल्या वर्षीची चूक डोळ्यांसमोर घडावी म्हणून.

मीठ शिरोड्याकडचं, मिठागराचं जाडं. सत्याग्रहाचं शिरोडं तेच, १९३० चं. फार बारीक मीठ एकदम विरघळून पृष्ठभागच आवळून टाकतं आणि आत मीठ शिरायला वेळ लागतो, असं काकी तिच्या भाषेत सांगते. मिठागराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार थोडे असतात. त्यांनी चव किंचित कडवट होते आणि मीठ लवकर पाझरतं. पण आम्हाला तेच परवडतं.

प्लास्टिकच्या टबात तळाला मिठाचा थर, त्यावर मासे कातडी खाली करून, पोटात मूठभर मीठ चोळून, पुन्हा मीठ, असे सात थर. शेवटच्या थरावरचे मासे कातडी वर करून. वर ताट आणि ताटावर जांभा दगड. तीन तासांत ताट बोटभर खाली गेलं आणि कडेने गढूळ लाल पाणी वर आलं. आम्ही पाण्याचा थेंबही घातला नव्हता. ते माशांतलं पाणी. मीठ आत शिरतंय आणि पाणी बाहेर येतंय, दोन्ही एकाच वेळी.

४ फेब्रुवारी

४२ तासांनी टब उघडला. तळाला न विरघळलेले खडे होते, म्हणजे मिठवणी पुरती भरलेली. मासे पातळ झालेत, मांस घट्ट आणि अर्धपारदर्शक. खूण बांधलेला मासा (शेपटीला लाल दोरा) साफ केल्यावर १३६ ग्रॅम होता, आता ११२. मीठ आत गेलं तरी वजन घटलं, कारण त्याहून जास्त पाणी बाहेर आलं.

वेगळ्या डब्यातले सहा: वरून सारखेच दिसतात. एक कण्यापाशी मोडून बघितला तर आत मऊ, लालसर, आणि हुंगल्यावर आंबूस. कण्याजवळ मांस सर्वांत जाड, तिथेच मीठ उशिरा पोचतं, आणि कमी मीठ असेल तर पोचेपर्यंत तिथे कामाला सुरुवात झालेली असते. काकीने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. ते सहाही मासे कोंबड्यांपासून लांब पुरले.

बाकीचे त्यांच्याच मिठवणीत हलवून वरचे खडे झटकले. गोड्या पाण्यात धुतले असते तर पृष्ठभागावरचं मीठ जाऊन माश्यांना आयतं आमंत्रण झालं असतं. मिठवणी फेकली, पुढच्या घाण्याला वापरणार नाही.

५ फेब्रुवारी

सगळे मासे अंगणात बांबूच्या माचावर, जुन्या जाळ्यावर पसरले. खालून वारा लागतो. पाच मासे मात्र मी गोठ्याच्या पत्र्यावर टाकले, लवकर वाळतील म्हणून. दुपारी पत्र्याला हात लावणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी पत्र्यावरचे खडखडीत वाटले. मी खूश. काकीने एकाचं पाठीचं मांस दोन बोटांत दाबलं आणि म्हणाली, "अंगठो दाबून बघ, खळगो ऱ्हवता." खरंच राहिला. वरचा थर भाजल्यासारखा कडक होऊन बंद झालेला आणि आतलं पाणी आतच. शिवाय पोटाच्या कडेला तेल सुटून पिवळं पडायला लागलेलं. बांगडा तेलकट मासा आहे. ते तेल उन्हात आणि हवेत खवट होतं, त्यावर मीठ काही करत नाही. म्हणजे माझा जोर उन्हावर होता तो चुकला. बांगड्याला वारा हवा, ऊन बेताचं. उद्यापासून दुपारी बारा ते तीन वर जुनी साडी.

रात्री मासे माचावरून काढून टोपलीत एकावर एक रचून वर वजन ठेवलं. दव टळतं हे एक, आणि दुसरं म्हणजे रात्रभरात आतलं पाणी हळूहळू बाहेरच्या कोरड्या थराकडे सरकतं. सकाळी मासा पुन्हा किंचित दमट लागतो. "घाम फुटलो," काकी म्हणते. तोच घाम दिवसा वाळवायचा.

८ फेब्रुवारी

लाल दोरेवाला: ११२, ९७, ८७, ८१, आज ७८ ग्रॅम. शेवटच्या दिवसात तीनच ग्रॅम गेले, म्हणजे आता थांबायचं. दाबल्यावर खळगा नाही, वाकवल्यावर वाकतो पण पाणी सुटत नाही, कातडीवर मिठाची पांढरी पूड.

हिशोब केला. १३६ ग्रॅम ताज्या माशात ३८ ग्रॅम घन भाग होता, तो कुठे गेला नाही. मीठ सुमारे १७ ग्रॅम धरलं तर ७८ मध्ये पाणी उरतं २३ ग्रॅम, म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास. तीस टक्के पाणी असलेली भाकरी दोन दिवसांत बुरसते, मग हा मासा कसा टिकतो? कारण २३ ग्रॅम पाण्यात फार तर आठेक ग्रॅम मीठ विरघळतं. बाकीचं खडे होऊन बसलंय. माशातलं सगळं पाणी मिठाने धरून ठेवलेलं, कुजवणाऱ्या नेहमीच्या जंतूंच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. टिकवण्याचं मुख्य काम टबातच झालं होतं. माचावर आपण फक्त नेण्याजोगा, ठेवण्याजोगा केला.

काकीचं बरोबर. पण तेवढ्याने बहिणीच्या फोटोचा उलगडा होत नाही. मीठ कमी पडलं म्हणून मासा कुजला असता. तो लाल का झाला?

९ मार्च

लाल रंगाचं उत्तर मिठाच्या पोत्यात सापडलं. हे जंतू मिठाला भिणारे नव्हेतच, त्यांना भरपूर मीठ असल्याशिवाय जगताच येत नाही. मिठागरात पाणी आटत आलं की खाचरं कधी कधी गुलाबी दिसतात, त्यात यांचाही हात असतो. उन्हात पिकवलेल्या कुठल्याही मिठाबरोबर ते घरात येतात. कोरड्या माशावर गप्प बसतात, मासा ओलसर झाला आणि हवा उबदार असली की पसरतात.

त्यांची एक खोड मात्र उपयोगाची आहे. गोड्या पाण्यात ते फुटून मरतात. गेल्या वर्षी टब, ताट, दगड सगळं समुद्रावर खाऱ्या पाण्यात धुतलं होतं, पाणी वाचवायला. यंदा विहिरीच्या पाण्याने घासून दोन दिवस उन्हात. लाकडी पाट काढूनच टाकला, त्याच्या भेगांत मीठ कायमचं मुरलेलं होतं. दुसऱ्या घाण्याचं मीठ लोखंडी कढईत चांगलं तडतडेपर्यंत भाजून, गार करून वापरलं. घरगुती मापाला जमतं, पोतंभर मिठाला कोण भाजत बसणार.

दुसरा घाणा ६ किलोचा, सगळं वरच्यासारखंच. त्यावर लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच बरं.

२२ मार्च

वसईकडच्या मित्राने सुके बोंबील पाठवले. त्याला विचारलं, मीठ किती लावता? तो हसला. बोंबलाला तिकडे मीठच नाही. जबड्यात जबडा अडकवून जोड्या करायच्या आणि वलांडीच्या दोरीवर टांगायच्या. बोंबील म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि तेल नावाला. पातळ अंगामुळे वाऱ्यावर तो कुजायच्या आत वाळतो. जाड, तेलकट बांगडा तसा टांगला तर कण्यापाशी आधी कुजेल.

पण मीठ नसल्यामुळे बोंबील, जवळा, सोडे हे पार कोरडेच हवेत. बोंबील काडीसारखा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर पुन्हा उन्हात. खारा बांगडा वाकला तरी चालतो, याला मुळीच नाही.

२८ मे

आगोटीची बांधाबांध. पिशव्या भरण्याआधी एक साधा प्रयोग केला. बशीत चिमूटभर जाडं मीठ ओट्यावर उघडं ठेवलं. सकाळी कोरडं होतं, संध्याकाळी ढग आल्यावर खडे चकाकायला लागले. घड्याळात दमटपणा ७६ टक्के.

शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या हवेत पाणी ओढतं, खाली असेल तर सोडतं. मिठागराचं मीठ त्याच्याही थोडं आधी ओलं होतं. माशातही तेच मीठ. फेब्रुवारीत दुपारी हवा पंचावन्न-साठवर होती तेव्हा मासा वाळत गेला. कोकणात जून ते सप्टेंबर हवा ८५-९० वर बसते. तेव्हा उघड्यावरचा खारा मासा कितीही वाळवलेला असो, पाणी ओढणारच. ज्या मिठाने मासा राखला तेच मीठ पावसात बाहेरचं पाणी आत आणतं. तेव्हा गेल्या वर्षी आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पातळ पिशवीत भरले, तिथेच बिघडलं. आठाला एक मीठ ही चूक होतीच, पण ती वेगळी.

तुलनेसाठी तीन ठिकाणी ठेवले. दहा मासे जुन्या पद्धतीने, कागदात गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. बाकीचे सहा-सहाच्या जाड पिशव्यांत, हवा दाबून काढून, तोंड मेणबत्तीवर पट्टी धरून चिकटवून, आणि त्या पिशव्या स्टीलच्या डब्यात. एक पिशवी फ्रिजमध्ये. भरण्याआधी सगळ्यांना एक सकाळ वारा दिला आणि सावलीत पुरते गार होऊ दिले. गरम मासा पिशवीत भरला की आत दव सुटतं.

सहाच का, तर एका जेवणाला आम्हाला तेवढे लागतात. मोठी बरणी पावसात रोज उघडली तर बंद बरणीला अर्थ उरत नाही. काकीने डब्यात कडुलिंबाचा पाला टाकला. मी काढला नाही. किडीला अडवत असेल, दमटपणाला नाही.

१२ जुलै

दीड महिना झाला. धुवाधार, घड्याळ ९१ वर.

पत्र्याच्या डब्यातला खुणेचा मासा ७८ चा ९४ झालाय. कागद भिजून अंगाला चिकटला. दोन माशांच्या पोटाशी गुलाबी छटा, बोटाला बुळबुळीत. वास अजून फारसा नाही, पण ही सुरुवात आहे. दहाही गेले.

बंद पिशवीतला: ७९. पांढरी पूड तशीच. कडा मात्र थोड्या पिवळट, वासाला किंचित खवट. तेलाचं काम हवा मिळेल तेवढं चालूच राहतं, पिशवीने ते मंदावलं एवढंच.

फ्रिजमधला सर्वांत उत्तम, रंगही फेब्रुवारीचा. लाल जंतूंना उब लागते, थंडीत ते वाढत नाहीत, आणि तेलही सावकाश खवट होतं. फ्रिजमध्येही पिशवी बंदच हवी, नाहीतर दुधाला बांगड्याचा वास लागतो. हे घरी शिकून झालंय.

१४ जुलै

भिजवायची पाळी. काका रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांना खारा बांगडा बंद आहे, आणि रोज सकाळी ते पेजेबरोबर तोच मागतात. म्हणून मीठ किती निघतं ते मोजायला बसलो.

धरा, १०० ग्रॅम माशात २० ग्रॅम मीठ. भिजून त्याच्या अंगात साधारण ९० ग्रॅम पाणी होतं. पुरेसा वेळ दिला तर आतलं-बाहेरचं पाणी सारखं खारट होऊन थांबतं. एकदाच एक लिटर पाण्यात ठेवला तर माशात पावणेदोन ग्रॅम मीठ उरतं. तेच एक लिटर पाणी अर्धा-अर्धा लिटर करून दोनदा बदललं तर उरतं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तेवढंच पाणी आणि तिप्पट फरक. पाणी किती यापेक्षा किती वेळा बदललं ते महत्त्वाचं.

प्रत्यक्षात एवढा वेळ कोणी देत नाही आणि देऊही नये. मीठ सगळं काढलं तर तो पांचट, तंतूतंतू झालेला मासा असतो, खाऱ्या बांगड्याची मजा जाते. आमची पद्धत ठरली ती अशी: आधी नळाखाली ब्रशने वरचं मीठ आणि रेती घासून काढायची. दोन तुकडे करून साध्या पाण्यात ४५ मिनिटं, पाणी फेकायचं, पुन्हा ४५ मिनिटं. मग कण्याजवळचा चिमूटभर तुकडा तव्यावर परतून चाखायचा. कडेचा चाखलात तर फसाल, कड आधी अळणी होते. अजून खारट असेल तर तिसरं पाणी अर्धा तास. गरम पाणी नको. त्याने वरचं मांस शिजून आवळतं, आतलं मीठ अडकतं. त्याहून जास्त भिजवायचा असेल तर फ्रिजमध्ये, कारण मीठ निघाल्यावर तो साधा ओला मासा झाला, दोन तासांहून जास्त ओट्यावर ठेवायचा नाही. भिजवलेला त्याच दिवशी संपवायचा.

भाजून खायचा असेल तर एकच पाणी पुरे. पेजेत मीठ घालायचं नाही. तिखलं करायचं तर दोन पाणी, आणि वाटपात मीठ चाखून शेवटी. कोकमही बेताने, त्याच्याही अंगाला मीठ असतं.

सुक्या बोंबलाचं उलट. काढायला मीठच नाही, फक्त मऊ करायचा. डोकं-शेपटी काढून, तुकडे करून, कोमट पाण्यात दहा मिनिटं, लगेच पिळून घ्यायचा. जास्त राहिला की लगदा. सोडे वीस मिनिटं कोमट पाण्यात, आणि ते पाणी गाळून कालवणात घालावं, चव त्यातच उतरते. जवळा भिजवायचाच नाही. कोरडा भाजायचा, चाळायचा, मग दोन पाण्यांतून पटकन काढायचा. आधी भिजवला तर त्यातली रेती काढता काढता दिवस जातो.

काकांना दोन पाण्यांतला अर्धा तुकडा, महिन्यातून एकदा. डॉक्टरांना विचारूनच. अर्धा तुकडा ताटात बघून ते म्हणाले, "ह्या कसला खारा?"

३ ऑगस्ट

बहिणीकडे पाठवलेल्या दोन पिशव्यांपैकी एक तिने काल उघडली. फोटो आला: पांढरी पूड, लाल काही नाही. शेजारी तव्यावर किसमूर, भरपूर ओलं खोबरं आणि कच्चा कांदा. खाली लिहिलंय की मीठ जरा जास्त लागलं, एकदाच भिजवला होता. तिला दोनदा पाणी बदलायला कळवलं. दुसरी पिशवी तिने फ्रिजमध्ये टाकली आहे. आपल्याकडे बंद पाच शिल्लक. नव्या बांगड्याला अजून वेळ आहे.